मोलचं उत्तर दरवेळी दुप्पट किंवा निम्मं येतं? सोडवलेली पाच उदाहरणं आणि चूक पकडायच्या खुणा

अकरावीच्या मुलांच्या वह्या तपासताना मला एक गोष्ट सारखी दिसते. मोलच्या गणितातलं चुकलेलं उत्तर सहसा कसंही चुकलेलं नसतं. ते बरोबर उत्तराच्या नेमकं दुप्पट असतं, नाहीतर निम्मं, नाहीतर तिप्पट. भागाकारात घोळ झाला असता तर आकडे वेडेवाकडे आले असते. नेमक्या पटीत चुकलेल्या उत्तराचा अर्थ एवढाच की मुलाने हिशेब बरोबर केला, पण भलतीच गोष्ट मोजली.

मागच्या आठवड्यातलीच वही घ्या. प्रश्न होता, ७ ग्रॅम नायट्रोजन वायूत किती मोल रेणू आहेत? मुलीने लिहिलं होतं, ७ ÷ १४ = ०.५ मोल. मी त्यावर गोल केला तशी ती म्हणाली, "मॅडम, नायट्रोजनचं वस्तुमान १४च आहे ना?"

"आहे. पण ते कशाचं?"

"नायट्रोजनच्या अणूचं."

"आणि वायूत काय फिरतंय?"

ती थोडी थांबली. "N₂. म्हणजे २८ ने भागायचं. ०.२५."

तिची पहिली ओळ खरं तर खोटी नव्हती. ७ ग्रॅम नायट्रोजनमध्ये अणूंचे ०.५ मोल आहेतच. प्रश्न रेणूंचा होता आणि उत्तर अणूंचं आलं, इतकंच. तिने "०.५ मोल N" असं लिहिलं असतं तर चूक तिची तिलाच दिसली असती. तिने लिहिलं नुसतं "०.५ मोल", आणि पुढे ते कशाचे हे कागदावर कुठेच उरलं नाही.

म्हणून माझ्या वर्गात एकच सक्ती आहे: "मोल" हा शब्द एकटा लिहायचा नाही. त्याच्या शेजारी ज्या कणाचे मोल आहेत त्याचं सूत्र आलंच पाहिजे. ०.२५ मोल N₂, ०.५ मोल N, ०.१ मोल CuSO₄·5H₂O. खालची पाचही उदाहरणं या एका सवयीवर उभी आहेत. ती सोप्याकडून अवघडाकडे जातात, आणि प्रत्येकाखाली माझ्या पाहण्यात येणारी चुकीची उत्तरं आकड्यांसकट दिली आहेत. आपलं उत्तर त्यातल्या एखाद्याशी जुळलं तर चूक कुठे झाली हे लगेच कळेल.

आधी मोल म्हणजे काय ते एकदा. डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे ६.०२२ × १०²³. ही निव्वळ मोजायची संख्या आहे, तिला आपण ॲव्होगॅड्रो अंक म्हणतो. जुन्या वह्यांमध्ये "१२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंइतके कण" अशी व्याख्या सापडेल. २० मे २०१९ पासून ती बदलली असून आता ६.०२२१४०७६ × १०²³ ही संख्याच नेमकी ठरवून दिलेली आहे. आपल्या गणितांना त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो डझनाच्या दुसऱ्या गुणाने. दुकानदाराने "एक डझन जोड" चपला मागवल्या तर खोक्यातून २४ चपला निघतात. डझन जोडांचा सांगितला की चपलांचा, हे कळल्याशिवाय १२ लिहायचे की २४ हे ठरत नाही. पाण्याच्या रेणूचंही तसंच आहे. एक मोल रेणू उघडले की दोन मोल हायड्रोजन अणू आणि एक मोल ऑक्सिजन अणू बाहेर पडतात.

सगळीकडे ही अणुवस्तुमानं घेतली आहेत: H १, C १२, N १४, O १६, Na २३, Mg २४, Al २७, S ३२, Cl ३५.५, Ca ४०, Cu ६३.५. परीक्षेत Mg २४.३ दिलं असेल तर तेच घ्यायचं, उत्तर किंचित बदलेल.

उदाहरण १: ९ ग्रॅम पाण्यात एकूण अणू किती?

पाण्याचं मोलार वस्तुमान १ + १ + १६ = १८ ग्रॅम प्रति मोल.

९ ÷ १८ = ०.५ मोल H₂O
एका रेणूत ३ अणू, म्हणून ०.५ × ३ = १.५ मोल अणू
१.५ × ६.०२२ × १०²³ = ९.०३३ × १०²³ अणू

उत्तर ३.०११ × १०²³ आलं असेल तर तुम्ही रेणू मोजून थांबलात. ६.०२२ × १०²³ आलं असेल तर फक्त हायड्रोजनचे अणू मोजलेत. दोन्ही संख्या खऱ्या आहेत, फक्त विचारलेल्या नाहीत.

याच पायरीवर एक वेगळी चूकही दिसते. काही मुलं "पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान १८ ग्रॅम" असं लिहितात. १८ ग्रॅम पाणी म्हणजे मोठा चमचाभर पाणी. एका रेणूचं वस्तुमान हवं असेल तर १८ ला ६.०२२ × १०²³ ने भागावं लागतं आणि उत्तर सुमारे ३ × १०⁻²³ ग्रॅम येतं. डोळ्यांना दिसेल इतक्या पदार्थात कणांची संख्या प्रचंडच असते, आणि एका कणाचं वस्तुमान ग्रॅममध्ये लिहिलं की घातांक ऋणच येतो. भागायचं की गुणायचं याबद्दल शंका आली की घातांकाचं चिन्ह बघा.

उदाहरण २: ४.९९ ग्रॅम मोरचूद पूर्ण तापवला. उरलेल्या पांढऱ्या भुकटीचं वस्तुमान किती? मूळ स्फटिकांत ऑक्सिजनचे किती मोल अणू होते?

मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांचं सूत्र CuSO₄·5H₂O. मधला टिंब गुणाकाराचा नाही. कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर पाण्याचे पाच रेणू स्फटिकात बांधलेले आहेत, एवढंच तो सांगतो. म्हणून वस्तुमानांची बेरीज होते.

CuSO₄ चे ६३.५ + ३२ + ६४ = १५९.५
5H₂O चे ५ × १८ = ९०
एकूण २४९.५ ग्रॅम प्रति मोल

४.९९ ÷ २४९.५ = ०.०२ मोल CuSO₄·5H₂O

तापवल्यावर पाणी निघून जातं. ०.०२ × ५ = ०.१ मोल H₂O, म्हणजे १.८ ग्रॅम. उरलेलं CuSO₄ मात्र तेवढेच ०.०२ मोल, म्हणजे ०.०२ × १५९.५ = ३.१९ ग्रॅम. पडताळा: ३.१९ + १.८० = ४.९९. जुळलं.

ऑक्सिजन मोजताना एका एककात सल्फेटचे ४ आणि पाण्याचे ५ असे ९ अणू येतात. ०.०२ × ९ = ०.१८ मोल O. तुमचं उत्तर ०.०८ असेल तर स्फटिकजल विसरलात. ०.२८ असेल तर पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू धरलेत (४ + १० = १४). म्हणजे H₂O मधला २ हायड्रोजनचा आहे हे निसटलं.

हीच चूक प्रयोगशाळेत करून बसलेली एक तुकडी मला चांगली आठवते. ०.१ मोलार कॉपर सल्फेटचं एक लिटर द्रावण करायचं होतं. मुलांनी मोलार वस्तुमान १५९.५ धरलं आणि बाटलीतले निळे स्फटिक १५.९५ ग्रॅम वजन करून घेतले. द्रावण निळंच झालं, बघून कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या तुकडीच्या द्रावणाशेजारी ठेवलं तेव्हा रंग फिका असल्याचं लक्षात आलं. हिशेब करा: १५.९५ ÷ २४९.५ = सुमारे ०.०६४ मोल. हवं त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. खरं तर २४.९५ ग्रॅम घ्यायला हवे होते. मोलार वस्तुमान पुस्तकातल्या सूत्रावरून ठरवू नका, बाटलीच्या चिठ्ठीवर जे सूत्र आहे त्यावरून ठरवा. कॉपर सल्फेट, धुण्याचा सोडा, ऑक्झॅलिक आम्ल या तिन्हींच्या बाटल्यांवर स्फटिकजलासकट सूत्र छापलेलं असतं, आणि तिघांच्याही बाबतीत मुलं ते वाचायचं सोडून देतात.

उदाहरण ३: ५ ग्रॅम शुद्ध संगमरवराचा चुरा पूर्ण विरघळवायला ०.५ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल किती मिलिलिटर लागेल? किती कार्बन डायऑक्साइड निघेल?

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂

इथपासून दोन पदार्थांचा संबंध येतो, आणि इथेच मुलं सर्वांत जास्त अडखळतात. समीकरणातले आकडे ग्रॅमचे नसतात. ते मोलचे असतात. एक मोल CaCO₃ ला दोन मोल HCl, असं ते वाचायचं. "१ ग्रॅमला २ ग्रॅम" असं वाचलं की पुढचं सगळं फुकट जातं. म्हणून रस्ता कायम एकच ठेवायचा: ग्रॅममधून मोलमध्ये या, मोलमध्येच समीकरण ओलांडा, मग हवं तर परत ग्रॅममध्ये किंवा लिटरमध्ये जा.

CaCO₃ चं मोलार वस्तुमान ४० + १२ + ४८ = १००
५ ÷ १०० = ०.०५ मोल CaCO₃
०.०५ × २ = ०.१ मोल HCl लागेल
०.१ ÷ ०.५ = ०.२ लिटर, म्हणजे २०० मिलिलिटर आम्ल

CO₂ चा सहगुणक १, म्हणून ०.०५ मोल CO₂. वस्तुमान ०.०५ × ४४ = २.२ ग्रॅम.

आम्लाचं उत्तर १०० मिलिलिटर आलं तर HCl पुढचा २ सुटला. ५० आलं तर २ ने गुणायच्या जागी भागलं. हे टाळायला मी मुलांना ओलांडण्याची ओळ शब्दांत लिहायला लावते: "१ मोल CaCO₃ ला २ मोल HCl, तर ०.०५ मोल CaCO₃ ला ०.१ मोल HCl." एक ओळ जास्त लागते, पण गुणाकार-भागाकाराची अदलाबदल थांबते. ज्याचा सहगुणक मोठा त्याचे मोल जास्त हवेत, हे त्या ओळीत डोळ्यांसमोर राहतं.

वायूचं आकारमान विचारलं तर एक खाचखळगा आहे. काही पुस्तकांत प्रमाण परिस्थितीत एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर दिलेलं असतं, काहींत २२.७. दोन्ही बरोबर आहेत. तापमान दोन्हीकडे ०° सेल्सिअस, २२.४ हे १ वातावरण दाबाला, २२.७ हे १ बार दाबाला. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, पण जुना आकडा अजून जागोजागी आहे. प्रश्नात दाब दिला असेल तर त्यावरून ठरवा, नसेल तर तुमच्या पाठ्यपुस्तकात जो आकडा आहे तो घ्या. आपल्या उदाहरणात ०.०५ × २२.४ = १.१२ लिटर, किंवा ०.०५ × २२.७ = १.१३५ लिटर.

आणि हा आकडा फक्त वायूंसाठी. ०.५ मोल पाणी म्हणजे ११.२ लिटर, असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. ०.५ मोल पाणी म्हणजे ९ ग्रॅम, द्रवरूपात जेमतेम ९ मिलिलिटर. दोन चमचे पाण्याने बादली भरेल का, हा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

उदाहरण ४: २.४ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत १.९२ ग्रॅम ऑक्सिजन असलेल्या बंद भांड्यात जाळली. किती मॅग्नेशियम ऑक्साइड मिळेल? काय उरेल आणि किती?

हे उदाहरण मी मुद्दाम या आकड्यांवर बांधलं आहे, कारण मर्यादा कोणता पदार्थ घालतो हे ओळखायला मुलं दोन आडवाटा वापरतात. मुलांच्या तोंडी या पदार्थाला "लिमिटिंग रीएजंट" म्हणतात. पहिली आडवाट, ज्याचे ग्रॅम कमी तो आधी संपणार. दुसरी, ज्याचे मोल कमी तो आधी संपणार. दोन्ही वाटा बऱ्याच गणितांत नशिबाने बरोबर ठरतात, म्हणूनच त्या डोक्यात घट्ट बसतात. इथे दोन्ही एकदम पडतात.

2Mg + O₂ → 2MgO

२.४ ÷ २४ = ०.१ मोल Mg
१.९२ ÷ ३२ = ०.०६ मोल O₂

ग्रॅम ऑक्सिजनचे कमी, मोलही ऑक्सिजनचेच कमी. आता गरज बघा. २ मोल Mg ला १ मोल O₂ लागतो, तर ०.१ मोल Mg ला ०.०५ मोल O₂ लागेल. भांड्यात ०.०६ आहे. म्हणजे ऑक्सिजन उरतो आणि मॅग्नेशियम संपतं. मर्यादा मॅग्नेशियमची.

०.१ मोल Mg पासून ०.१ मोल MgO, म्हणजे ०.१ × ४० = ४.० ग्रॅम
उरलेला ऑक्सिजन ०.०६ − ०.०५ = ०.०१ मोल O₂, म्हणजे ०.३२ ग्रॅम

पडताळा: सुरुवातीला २.४ + १.९२ = ४.३२ ग्रॅम. शेवटी ४.० + ०.३२ = ४.३२ ग्रॅम.

आता चुकीच्या वाटेने जाऊन बघू. ऑक्सिजन संपतो असं धरलं तर ०.०६ मोल O₂ पासून ०.१२ मोल MgO, म्हणजे ४.८ ग्रॅम. भांड्यात मुळात घातलंच होतं ४.३२ ग्रॅम. घातल्यापेक्षा जास्त निघणार कुठून? मर्यादेच्या गणितात जास्तीच्या पदार्थावरून उत्तर काढलं की ते नेहमी खऱ्यापेक्षा मोठं येतं. कधी कधी ते एकूण वस्तुमानाच्याही वर जातं, आणि तेव्हा चूक उघड्यावर येते. पण दरवेळी जाईलच असं नाही, त्यामुळे नुसत्या बेरजेवर विसंबू नका. उरलेल्या पदार्थाचं वस्तुमानही काढा आणि दोन्ही बाजू जुळवा. हा पडताळा दोन ओळींचा आहे आणि पदार्थांची निवड चुकली असेल तर ती चूक त्यात उघडी पडते: मॅग्नेशियमच्या जागी ऑक्सिजन धरला तर "उरलेलं" मॅग्नेशियम ०.१ − ०.१२, म्हणजे ऋण येतं.

पाठ करायला छोटी रीत हवी असेल तर ही: प्रत्येक पदार्थाचे मोल त्याच्या सहगुणकाने भागा. Mg चे ०.१ ÷ २ = ०.०५, O₂ चे ०.०६ ÷ १ = ०.०६. जो भागाकार लहान तो पदार्थ आधी संपतो. पण आधी चार-पाच गणितं गरजेच्या वाटेने सोडवा. हे भागाकार म्हणजे त्या पदार्थावर अभिक्रिया किती वेळा होऊ शकते त्याचं माप आहे. ते न कळता रीत वापरली की मुलं ०.०५ लाच MgO चे मोल समजतात आणि उत्तर २ ग्रॅम लिहितात. ०.०५ ला MgO च्या सहगुणकाने, म्हणजे २ ने, परत गुणायचं राहून जातं.

उदाहरण ५: खायचा सोडा आणि निर्जल सोडियम कार्बोनेट यांचं ५ ग्रॅम मिश्रण वस्तुमान बदलायचं थांबेपर्यंत तापवलं. वस्तुमानात १.२४ ग्रॅम घट झाली. मिश्रणात खायचा सोडा शेकडा किती?

इथे ग्रॅम कोणत्याच शुद्ध पदार्थाचे दिलेले नाहीत. ५ ग्रॅम मिश्रणाचे आहेत, त्यांना खायच्या सोड्याच्या, म्हणजे NaHCO₃ च्या, ८४ या मोलार वस्तुमानाने भागून काहीच हाती लागत नाही, तरी निम्मा वर्ग आधी तेच करतो. धागा घटीत आहे. दोघांपैकी तापवल्यावर बदलतो फक्त खायचा सोडा:

2NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂

सोडियम कार्बोनेट या तापमानाला जसंच्या तसं राहतं. म्हणून घट म्हणजे उडून गेलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्ही मिळून. मोल कशाचे, हा प्रश्न इथे घटीलाच विचारायचा. समीकरण एकदा पुरं झालं की १ मोल H₂O (१८ ग्रॅम) आणि १ मोल CO₂ (४४ ग्रॅम) असे ६२ ग्रॅम जातात.

१.२४ ÷ ६२ = ०.०२, म्हणजे ०.०२ मोल H₂O आणि ०.०२ मोल CO₂ गेले
१ मोल CO₂ ला २ मोल NaHCO₃, तर ०.०२ ला ०.०४ मोल NaHCO₃
०.०४ × ८४ = ३.३६ ग्रॅम
३.३६ ÷ ५ × १०० = ६७.२ टक्के

पडताळा: ०.०२ × १८ = ०.३६ आणि ०.०२ × ४४ = ०.८८, बेरीज १.२४.

तुमचं उत्तर ३३.६ टक्के असेल तर NaHCO₃ पुढचा २ राहिला. सुमारे ९४.७ टक्के असेल तर सगळी घट CO₂ चीच धरलीत आणि वाफ होऊन गेलेलं पाणी विसरलात. हे दुसरं उत्तर फसवं आहे, कारण ते शंभराच्या आत आहे आणि सोडा बऱ्यापैकी शुद्ध वाटतो. पण ते नेमक्या पटीत चुकलेलं नाही. अशा वेळी समजायचं की कणांची मोजणी बरोबर होती आणि चूक समीकरण वाचण्यात झाली. उजव्या बाजूचा प्रत्येक पदार्थ भांड्यात राहिला की हवेत गेला, हे समीकरणाखाली पेन्सिलने लिहून ठेवा.

प्रश्नात "निर्जल" हा शब्द उगाच नाही. बाजारातला धुण्याचा सोडा स्फटिकरूपात Na₂CO₃·10H₂O असतो आणि तापवला की त्याचं स्वतःचं पाणीही जातं. मग घट दोन ठिकाणांहून येते आणि वरचा हिशेब लागू पडत नाही. हे गणित कुणी प्रत्यक्ष करून पाहणार असेल तर कार्बोनेट आधी वेगळं तापवून, थंड करून, मग मिसळावं लागेल.

आता दोन गणितं तुमच्यासाठी. उत्तरं खाली आहेत, पण आधी सोडवा.

पहिलं: ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती?

दुसरं: ५.४ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ६.४ ग्रॅम ऑक्सिजन यांच्यापासून किती ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळेल? समीकरण 4Al + 3O₂ → 2Al₂O₃.

पहिल्याचं उत्तर ३.०११ × १०²³. सुमारे १.५ × १०²³ आलं तर रेणू मोजलेत, सुमारे ४.५ × १०²³ आलं तर कार्बनचे अणूही मिसळलेत.

दुसऱ्याचं उत्तर १०.२ ग्रॅम, आणि १.६ ग्रॅम ऑक्सिजन उरतो. इथे दोघांचे मोल सारखेच, ०.२ आणि ०.२. "सारखे आहेत म्हणजे दोन्ही संपतील" असं धरून ११.८ ग्रॅम लिहिलं असेल तर समीकरणातले ४ आणि ३ बघितलेच नाहीत. १३.६ ग्रॅम आलं असेल तर ऑक्सिजन आधी संपतो असं धरलंत. दोन्ही मिळून घातलेलं ११.८ आहे, तेव्हा बेरजेनेच ते पकडायला हवं होतं. २०.४ आलं असेल तर ०.२ मोल Al पासून ०.२ मोल Al₂O₃ असं लिहिलंय का ते बघा. एका Al₂O₃ मध्ये दोन Al जातात, म्हणून ते ०.१ मोलच होतात. आणि ५.१ आलं असेल तर ०.२ ÷ ४ = ०.०५ इथेच थांबलात, Al₂O₃ पुढच्या २ ने गुणायचं राहिलं.